अकाउंट्सचा कोर्स मी जाहिराती वाचून निवडला

बी.कॉम. झाल्यावर अकाउंट्समध्येच नोकरी करायची, हे माझं पक्कं होतं. कोर्स मात्र ठरेना. क्लासवाले टॅली, एक्सेल, डिजिटल मार्केटिंग असं एकत्र पॅकेज द्यायचे, शेवटी तीन सर्टिफिकेट्स. मी आधी भोसरी-चाकण भागातल्या अकाउंट्स असिस्टंटच्या जाहिराती वहीत उतरवायला घेतल्या. जवळपास प्रत्येकीत टॅली होतंच, म्हणजे नुसत्या टॅलीने मी कुणाच्या पुढे जाणार नव्हते. त्याच्या पुढे लिहिलेलं असायचं, ‘जीएसटी रिटर्न, टूबी रिकन्सिलिएशन’. टूबी म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला तयार होणारं पत्रक, आणि रिकन्सिलिएशन म्हणजे ते आपल्या नोंदींशी जुळवणं.

हे काम नेमकं काय असतं, ते मावसभावाच्या ओळखीतल्या एका सीएंना विचारलं. ते म्हणाले, “सर्टिफिकेट मी बघतच नाही. खरेदीचं रजिस्टर आणि टूबी समोर ठेवतो, फरक शोधायला सांगतो.”

मग प्रत्येक क्लासला मी एकच विचारलं: सरावाला खऱ्या बिलांसारखा डेटा देता का, आणि जुळवणी हाताने करून घेता का? बहुतेक ठिकाणी नोट्स आणि एमसीक्यू. एका छोट्या क्लासमध्ये मॅडमनी बिलांची फाइलच उघडून दाखवली. तिथेच फी भरली.

मुलाखतीत तेच समोर आलं. जुलैच्या खरेदीत पन्नास हजारांचं एक बिल होतं, त्यावर १८ टक्क्यांनी ९,००० रुपये जीएसटी. जुलैच्या टूबीत ते नव्हतं. पुरवठादाराने जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख ११ ऑगस्ट. त्यानंतर भरलं, तर बिल पुढच्या महिन्याच्या टूबीत येतं. तोवर त्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या देय करातून वजावट, घेता येत नाही, म्हणून ते बाजूला काढून पुरवठादाराला फोन करायचा, असं मी सांगितलं. दुसरा फरक लपलेला होता, कारण एकूण कर जुळत होता. पण त्या पुरवठादाराचा जीएसटी नंबर २४ ने सुरू होत होता, म्हणजे गुजरात. टूबीत दुसऱ्या राज्यातल्या खरेदीवर लागणारा आयजीएसटी दिसत होता आणि आपल्या नोंदीत मात्र कर राज्यातल्याच खरेदीसारखा सीजीएसटी-एसजीएसटी असा विभागलेला. महाराष्ट्राचे नंबर २७ ने सुरू होतात, त्यामुळे पहिले दोन आकडे बघायची सवय क्लासमध्येच लागली होती.

सरांनी विचारलं, “हे कुठे शिकलीस?” क्लासचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. पुढच्या सोमवारपासून मला यायला सांगितलं.

टीडीएस त्या कोर्समध्ये जेमतेम होतं. ते मी ऑफिसात सीनियर ताईंच्या शेजारी बसून शिकतेय. आणि ज्यांना सरकारी भरतीत उतरायचंय, त्यांची यादी वेगळी असेल. तिथे एमएस-सीआयटी बऱ्याच पदांना अटच असते, त्यामुळे तिथे आधी भरतीची जाहिरातच वाचा.