एकच बिल दोनदा, आणि त्यातलं कुठलं उलटवायचं

मी हिंजवडीत एका अमेरिकन क्लायंटच्या अकाउंट्स पेएबल प्रोसेसवर, म्हणजे त्यांच्या सप्लायरांची बिलं भरायच्या कामावर आहे, कायमची नाईट शिफ्ट, म्हणजे तिकडचा दिवस तो आमचा. गुरुवारी पेमेंट रन असते. संध्याकाळीच सॅप या अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये F110 ने प्रपोजल बनतं, म्हणजे आज कुणाकुणाला पैसे जाणार त्याची यादी, ती आम्ही चाळायची, मग तिकडची ट्रेझरी ओके देते आणि त्यांच्या चारच्या, म्हणजे आपल्या रात्री दीडच्या आत फाईल बँकेला गेली पाहिजे.

ही गोष्ट एप्रिलमधली, 17 तारखेची. यादी चाळताना एका सप्लायरची एक ओळ खटकली. पंपांची मेकॅनिकल सील्स देणारा सप्लायर, रक्कम 4,860 डॉलर, रक्कम काही वेगळी नव्हती हो, पण डॉक्युमेंट टाईप KR. हा माणूस नेहमी पीओवरच, म्हणजे आधी निघालेल्या परचेस ऑर्डरवरच माल देतो, त्याची बिलं पीओला जोडून MIRO मधून जातात आणि RE म्हणून दिसतात. KR म्हणजे कुणीतरी FB60 मधून, पीओ न लावता, थेट खर्चाला टाकलेलं. त्यात एंट्री कालची म्हणजे 16 एप्रिलची आणि ड्यू डेट 3 एप्रिल. याच्या टर्म्स 30 दिवसांच्या, काल टाकलेलं बिल दोन आठवडे आधीच ओव्हरड्यू कसं काय?

FBL1N मध्ये त्याचे ओपन आयटम, म्हणजे पैसे जायची बाकी असलेली बिलं काढली, रकमेवर सॉर्ट केलं, आणि 4,860 खाली 4,860. दुसरं RE, 9 एप्रिलला टाकलेलं, ड्यू 3 मे. दोन्हीकडे बिल नंबर एकच, 118742. दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी उघडले तर 12 सील्स, 405 चा दर, सगळं सेम टु सेम. एक कॉपी पोस्टाने आली होती, दुसरी ईमेलने, आणि ईमेलवाल्या स्कॅनमध्ये फक्त पहिलं पान होतं, पीओ नंबर नेमका दुसऱ्या पानावर. म्हणून ते 'पीओ नाही' असं समजून FB60 वाल्या मुलाकडे गेलं असणार.

आता कुणी म्हणेल, बिल नंबर सेम होता तर सॅपने अडवलं का नाही. व्हेंडर मास्टरमध्ये, म्हणजे सप्लायरच्या कायमच्या नोंदीत, डबल इनव्हॉइस तपासायची टिक होतीच. पण ती तपासणी फक्त नंबर बघत नाही, कंपनी कोड, व्हेंडर, करन्सी, बिलाची तारीख आणि रेफरन्स नंबर हे सगळं जुळलं तरच ओरडते. बिलावर छापलं होतं 04/03. अमेरिकन पद्धतीने ती 3 एप्रिल, महिना आधी. FB60 टाकणाऱ्याच्या आयडीला तारखेची सेटिंग आपल्यासारखी, दिवस आधी, त्याने बिलावर दिसलं तसं 04 03 टाइप केलं आणि सॅपने ती 4 मार्च धरली. तारीख वेगळी म्हणजे सॅपच्या लेखी बिलही वेगळं. आणि 4 मार्चपासून 30 दिवस मोजले की येते 3 एप्रिल, म्हणूनच खरं बिल शांतपणे मेची वाट बघत बसलं होतं आणि डुप्लिकेट मात्र पहिल्या रांगेत पैसे घ्यायला उभं! नुसती प्रपोजलची यादी बघितली असती तर तिथे ते एकदाच दिसत होतं, जोडी लागली ती ओपन आयटममध्ये.

टीम लीडला दाखवलं. शेजारचा ज्युनियर म्हणाला, "ताई, त्यात काय, 3 मेवालं रिव्हर्स करून टाकू, आजचं जाऊ दे, पैसे तर एकदाच जातील ना." ऐकायला बरोबर वाटतं, सप्लायरचा बॅलन्सही जुळतो. पण बाकीची पुस्तकं बिघडतात. माल गोदामात आला तेव्हा स्टॉक डेबिट झाला होता आणि GR/IR नावाचं मधलं खातं 4,860 ने क्रेडिट. MIRO वालं बिल तेच मधलं खातं डेबिट करून शून्यावर आणतं. FB60 वाल्याने मात्र परत 4,860 थेट रिपेअर्स अँड मेंटेनन्सला मारलेत. म्हणजे MIRO वालं उलटवलं तर सील्स स्टॉकमध्येही आणि खर्चातही, GR/IR लटकलेलं, आणि पीओ परत 'बिल यायचंय' असं दाखवणार, मग कुणीतरी सप्लायरकडून तिसरी कॉपी मागवून टाकणार. त्यामुळे उलटवायचं ते KR वालंच, आज पैसे नाही गेले तरी चालतील, खरी ड्यू डेट 3 मेच आहे.

डिलीट करायचा प्रश्नच येत नाही, पोस्ट झालेलं डॉक्युमेंट सॅपमधून पुसता येत नाही आणि येऊही नये. दोन्ही स्कॅनचे स्क्रीनशॉट जोडून रिव्हर्सलची रिक्वेस्ट टाकली, टीम लीडने अप्रूव्ह केली. उलटवायला FB08 उघडलं तर सॅप अडून बसलं, आयटम पेमेंट प्रपोजलमध्ये आहे म्हणून. प्रपोजलमध्ये गेलेली ओळ तिथून सुटेपर्यंत लॉक असते. मग ट्रेझरीच्या बाईंना टीम्सवर फोन केला. त्यांची दुपारच होती पण मीटिंगमध्ये होत्या, आणि हा अर्धा तास मात्र अंगावर आला कारण इकडे साडेबारा होत आले होते आणि दीडची फाईल चुकली तर त्या यादीतल्या सगळ्याच सप्लायरांचे पैसे अडकणार. शेवटी त्या आल्या, स्कॅन बघितले, प्रपोजल डिलीट केलं आणि म्हणाल्या तुम्ही उलटवा, मी परत चालवते.

FB08 मध्ये डॉक्युमेंट नंबर, कंपनी कोड, वर्ष आणि रिव्हर्सल रीझन 01 म्हणजे चालू पीरियडमधलं. पोस्टिंग डेट रिकामी सोडली की मूळ एंट्रीचीच तारीख घेतो, एप्रिल उघडाच होता म्हणून चाललं, पीरियड बंद झाला असता तर 02 आणि पुढच्या महिन्यातली तारीख द्यावी लागली असती. उलट डॉक्युमेंट पोस्ट झाल्यावर FB02 मधून त्याच्या टेक्स्टमध्ये 'डुप्लिकेट ऑफ' लिहून RE चा नंबर टाकला, ऑडिटर वर्षाने विचारतो तेव्हा कुणाला काही आठवत नसतं. सेव्ह केलं आणि FBL1N परत उघडलं. KR आणि त्याचं उलट डॉक्युमेंट एकमेकांना क्लिअर होऊन ओपनमधून गेलेले, RE तेवढं उरलेलं. MIRO वालं उलटवायचं असतं तर FB08 चाललंच नसतं, तिथे MR8M लागतं आणि ते क्लिअरिंग आपोआप करत नाही, F-44 ने हाताने करावं लागतं, हे बरेच जण विसरतात आणि दोन ओळी महिनोन् महिने तशाच पडून राहतात. मेंटेनन्सच्या खात्यात बघितलं, डेबिट 4,860, क्रेडिट 4,860, शून्य.

नवीन प्रपोजलमध्ये तो सप्लायर नव्हता. फाईल सव्वाला गेली.

मग टीम लीडने सगळ्यांना SU3, म्हणजे आपापल्या आयडीची सेटिंग उघडून तारखेचा फॉरमॅट बघायला लावला, अजून काहींचा दिवस-आधीवाला निघाला, तो सगळ्यांनी बदलला. पण ज्या बिलांवर दोन्ही आकडे बाराच्या आतले आहेत, म्हणजे 04/03 किंवा 05/06 अशी, त्या आयडींनी टाकलेली तेवढी वेगळी काढून तपासत बसलो, कारण 04/25 असलं तर सॅप स्वतःच महिना 25 घेत नाही. खरं बिल 1 मेच्या रनमध्ये गेलं, आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि आम्ही लॉगिनवर.