तुम्ही विचारलंत म्हणून: फायदा, खर्च आणि कपाटात नसलेला क्लच

"मेंटेनन्सचा फायदा रुपयांत दाखवा म्हणता. ज्याचा दाखवता येतो तेच यादीत वर जातं, बाकीच्यावर रेघ. मग हे झिरो बेस बजेट आमच्या काय कामाचं?"

हे पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा मी उत्तर टाळलं होतं. आता टाळत नाही, कारण विचारणाऱ्यांच्या रागात तथ्य आहे. फक्त राग चुकीच्या जागी निघतोय असं मला वाटतं. दर वर्षी प्रत्येक खर्च शून्यापासून मागायचा, ही पद्धत मराठवाड्याला नवी नाही. शंकरराव चव्हाणांनी १९८६ मध्ये मुख्यमंत्री असताना राज्याच्या अर्थसंकल्पात ती आणली, तेव्हापासून 'झिरो बजेट' हा शब्द नांदेडपासून वाळूजपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. निर्णय पॅकेज म्हणजे एका कामाचा खर्च आणि फायदा मांडलेला प्रस्ताव, किमान पातळी म्हणजे ज्याच्याशिवाय चालत नाही तेवढा खर्च, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे थेट त्या तक्त्याकडे येतो, ज्याच्यामुळे हा प्रश्न दर बैठकीत निघतो.

वाळूजमधला प्रेस पार्ट्सचा एक कारखाना, नाव नको. आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. पगार सोडून मेंटेनन्सचा खर्च आदल्या वर्षी ४२ लाख होता आणि मिळणार होते ३६ लाख. कायद्याने बंधनकारक तपासण्या, तेल, फिल्टर आणि मशीन बंद पडल्यावरची दुरुस्ती एवढी किमान पातळी २४ लाखांत बसली. ती क्रमवारीत नव्हती, आणि नसावीच. उरलेल्या १२ लाखांसाठी चार पॅकेजेस रांगेत उभी होती.

हवेच्या गळती बंद करण्याला खर्च २.५ लाख, फायदा १३ लाख, गुणोत्तर ५.२. मोटार आणि फ्लायव्हीलच्या बेअरिंगचं कंपन मोजण्याला ३ लाख, फायदा १२ लाख, गुणोत्तर ४. प्रेसच्या प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सला ६ लाख, फायदा १८ लाख, गुणोत्तर ३. आणि शेवटी २५० टनी प्रेसचा क्लच किट स्टोअरमध्ये घेऊन ठेवणे: ३.२ लाख, फायदा २.८ लाख, गुणोत्तर एकाच्याही खाली. पहिल्या तिघांचे साडेअकरा लाख झाले. उरले ५० हजार, त्यात किट येत नव्हता. रेघ ओढली गेली.

पुढे जुलैमध्ये क्लच गेला. लायनिंग जळाल्याचा वास शेडभर होता. पुरवठादाराने महिन्याची मुदत सांगितली. काम बाहेरच्या प्रेस शॉपकडे द्यावं लागलं आणि त्यात रोजचे ४० हजार जास्तीचे जात राहिले. किट कपाटात असता तर प्रेस दोन दिवसांत चालू झाली असती. म्हणजे २८ दिवस, ११ लाख २० हजार. मेंटेनन्सच्या लोकांनी तोच तक्ता भिंतीवर लावला, क्लचच्या ओळीवर लाल रेघ मारून.

तुमचा प्रश्न तिथून येतो हे मला कळतं. पण तो तक्ता फायदा मोजल्यामुळे फसला नाही. मोजणी तीन ठिकाणी चुकली होती, आणि तिन्ही चुका घटनेच्या आधीच हातात असलेल्या माहितीवरून पकडता आल्या असत्या.

पहिली चूक क्लचच्या ओळीतच आहे. फायद्याचा हिशोब बरोबर होता. एकाच मेकच्या दोन प्रेस, आठ वर्षांचं लॉगबुक, त्यात दोनदा क्लच गेलेला. म्हणजे चार वर्षांतून एकदा. ११.२ लाखांचा चौथा हिस्सा २.८ लाख, आणि हा फायदा एका वर्षाचा आहे. त्याला भागलं मात्र ३.२ लाखांनी, आणि ती किटची पूर्ण किंमत आहे. किट काही वर्षाअखेर संपत नाही. वापरला नाही तर तो तसाच कपाटात राहतो. वर्षाचा खर्च म्हणजे अडकलेल्या पैशाचं व्याज, जागा आणि रबरी सील जुने होण्याची घट. १५ टक्के धरा, ४८ हजार होतात. २.८ लाख भागिले ४८ हजार म्हणजे ५.८. तळातली ओळ थेट वर जाते. लॉगबुकवर विश्वास नसेल आणि दहा वर्षांतून एकदाच क्लच जातो असं धरलं, तरी गुणोत्तर २.३ येतं. दोनच घटनांवरून काढलेल्या शक्यतेला असं ताणून बघावंच लागतं. शक्यता किती खाली आली की गुणोत्तर एकाखाली जातं, ते विचारायचं. इथे तेवीस वर्षांतून एकदा इतकी खाली यावी लागते.

दुसरी चूक कंपन मोजण्याची. प्रेस बंद पडण्यामुळे आदल्या वर्षी कारखान्याचं एकूण नुकसान २४ लाख होतं. प्रिव्हेंटिव्हने त्यातले १८ वाचवतो म्हटलं, कंपनाने १२. बेरीज ३० लाख. जेवढं नुकसान झालंच नाही तेवढं दोघं मिळून वाचवणार होते! ही तपासणी दोन मिनिटांची आहे. एकाच नुकसानीवर दावा सांगणाऱ्या पॅकेजेसची बेरीज करायची आणि मूळ नुकसानीशेजारी ठेवायची. मोठी आली की कुणीतरी दुसऱ्याचा फायदा आपल्या नावावर लावलाय. इथे तो कंपनवाल्यांनी लावला होता. मुद्दाम नव्हे. दोन इंजिनिअरांनी दोन खोल्यांत बसून फॉर्म भरले की असं होतंच. कंपन मोजून बेअरिंग चाललंय एवढं कळतं. ते बदलायला प्रेस थांबवण्याची वेळ आणि माणूस प्रिव्हेंटिव्हच्या वेळापत्रकातूनच येतो. म्हणून ते स्वतंत्र पॅकेज नाही, प्रिव्हेंटिव्हच्या वरची पुढची पातळी आहे. वरची पातळी खालच्या पातळीच्या आधी मंजूर होऊ शकत नाही, आणि तिला फक्त स्वतःमुळे वाढलेला फायदाच लावायचा. प्रिव्हेंटिव्हनंतर उरतात ६ लाख, त्यातले फार तर ३ कंपनामुळे वाचतील. खर्च ३, फायदा ३. गुणोत्तर चारवरून एकवर.

तिसरी चूक हवेच्या गळतीची. ती क्रमांकाच्या दृष्टीने निरुपद्रवी ठरली, पण सांगण्यासारखी आहे, कारण मोजून आणलेला आकडाही फुगू शकतो. रविवारी सगळी मशीन बंद ठेवून फक्त कंप्रेसर चालू ठेवला. कुणीच हवा वापरत नाही, तरी तो ९० सेकंद लोडवर, म्हणजे हवा भरत, आणि २१० सेकंद अनलोडवर, म्हणजे नुसता फिरत, जात होता. ९० भागिले ३००, म्हणजे क्षमतेच्या ३० टक्के हवा नुसती गळत होती. शांत शेडमध्ये ती नळ्यांच्या जोडांवर फुसफुसताना ऐकूही येते. मिनिटाला २० घनमीटरचा कंप्रेसर, म्हणजे ६ घनमीटर गळती. ती १० टक्क्यांवर आणली तर ४ घनमीटर वाचतात. घनमीटरमागे साधारण ६ किलोवॉट धरले की २४ किलोवॉट, वर्षाचे ६,००० तास, युनिट ९ रुपये: जवळपास १३ लाख. इथवर बरोबर. पण हा स्क्रू कंप्रेसर अनलोडवर असतानाही पूर्ण भाराच्या ३० टक्क्यांच्या आसपास वीज खातो. गळती थांबली म्हणून तो बंद पडत नाही, जास्त वेळ अनलोडवर फिरतो. म्हणून हातात खरे येतात ९ लाख. गुणोत्तर ५.२ चं ३.६ झालं. वीजबिलात उतरणार नाही तो फायदा तक्त्यात लिहू नये, असं मी याच ओळीवरून प्रत्येकाला सांगतो.

आता चौघांना पुन्हा लावा: क्लच ५.८, गळती ३.६, प्रिव्हेंटिव्ह ३, कंपन १. रोखीत ३.२ अधिक २.५ अधिक ६, म्हणजे ११.७ लाख. बारा लाखांच्या आत बसलं. रेघेखाली गेलं ते कंपन. पैसे तेवढेच, पद्धत तीच.

इथे थांबलो असतो तर तुम्हाला हवं तसं उत्तर झालं असतं. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. पूर्वी मी स्वतः सांगायचो की गुणोत्तर काढा, उतरत्या क्रमाने लावा, पैसे संपतील तिथे रेघ मारा. आज ते इतक्या सरळ सांगत नाही. वरच्या तक्त्यात क्रम लावताना मी वर्षाचा खर्च घेतला आणि रेघ मारताना रोख रक्कम. हे दोन वेगळे माप आहेत. अकाउंट्सचे साहेब यावर बोट ठेवतात आणि ते चुकीचे नाहीत. कारखान्याकडे खरोखर बाराच लाख आहेत, तर त्यातले ३.२ लाख कपाटात ठेवायचे का, हा प्रश्न ४८ हजारांचा आकडा दाखवून संपत नाही. माझं म्हणणं एवढंच की रोखीचा प्रश्न रोखीचा म्हणून विचारा. पुरवठादाराशी हप्त्याचं बोला, शेजारच्या कारखान्यात तीच प्रेस असेल तर किट भागीत घ्या. पण त्यासाठी क्लचचं गुणोत्तर एकाखाली दाखवू नका. तो आकडा खोटा आहे. तेव्हाच्या माझ्या सल्ल्यात हे नव्हतं. गुणोत्तर पूर्ण टाकून द्या, असंही मी म्हणणार नाही, कारण ते नसेल तर बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं पॅकेज वर जातं, आणि मेंटेनन्सचा आवाज कधीच मोठा नसतो.

जुलैनंतर किट घेतला, तो लगेच प्रेसवर चढला, कपाट पुन्हा रिकामं. नवा किट आपोआप आणायचा की पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून मागायचा, यावर वाद झाला. मी शून्यापासून मागा म्हणालो. नव्या फॉर्मवर लॉगबुक आता नऊ वर्षांत तीन घटना दाखवत होतं. शक्यता तिसऱ्या हिश्शावर गेली, फायदा ३.७ लाखांवर, गुणोत्तर ५.८ चं ७.८ झालं. अकाउंट्सच्या साहेबांनी विचारलं, "प्रेस तीच, किट तोच, मग यंदा तो जास्त महत्त्वाचा कसा झाला? घाबरून आकडा वाढवला ना?" मेंटेनन्सवाले म्हणाले, अनुभव वाढला म्हणून आकडा वाढला. मला दोघांचंही पटतं, आणि नऊ वर्षांच्या तीन नोंदींवरून यातलं खरं कोणतं ते ठरत नाही. दहा वर्षांतून एकदा धरून काढलेला २.३ हा आकडा मी त्याच फॉर्मच्या खाली पेन्सिलीने लिहिला. त्या आकड्यावरही किट रेघेच्या वरच राहत होता. त्यावर साहेबांनी सही केली.