डब्यातल्या दुधाचे कंदी पेढे

लेकीच्या बारशाला कंदी पेढे करायचे ठरवले होते. लेस्टरमधल्या एका दुकानातून गोठवलेला खवा आणला, पण तो सुटल्यावर खवट वास यायला लागला. मग घरात होता तो कंडेन्स्ड मिल्कचा ३९७ ग्रॅमचा डबा कढईत ओतला. पंधरा मिनिटांत रंग झकास आला, पण गार झाल्यावर जे हाती लागलं ते दाताला चिकटणारं टॉफीसारखं.

साताऱ्याला आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, साखर घालून कोणी खवा भाजतं का?"

तिचं खरं होतं. मग डब्यावरचे आकडे बघून हिशेब मांडला. त्या डब्यात अंदाजे पावणेदोनशे ग्रॅम वरून घातलेली साखर आणि दुधाचा कोरडा ऐवज जेमतेम ११० ग्रॅम. दूध कमी दाबाखाली, कमी तापमानाला आटवलेलं असतं, आणि ते टिकतं त्या साखरेमुळेच. आमच्या घरच्या पेढ्यात पाव किलो खव्याला ७५-८० ग्रॅम साखर पडते, तीही भाजलेला खवा कोमट झाल्यावर. म्हणजे मी पेढा नव्हे, दुधाचा पाक भाजत होते! त्या डब्यात पाव किलो दूध पावडर मिसळली तर साखरेचं प्रमाण जमतं आणि झटपट पांढरे पेढे होतात. पण कंदीचा खमंगपणा त्यांना येत नाही.

दुसऱ्या दिवशी एव्हॅपोरेटेड मिल्कचे ४१० ग्रॅमचे दोन डबे आणले. यात साखर नसते. दुधातलं निम्म्याहून जास्त पाणी काढून, डबा सीलबंद करून तो कडक तापवतात, म्हणून दूध आधीच किंचित पिवळसर असतं आणि त्याला भाजकी चव असते. कंदी पेढ्याला ती सोयीचीच. जाड बुडाच्या कढईत, तळ खरवडत, पाऊण तासात साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास खवा झाला. तळाला चिकटायचा थांबून गोळा फिरायला लागला, की झाला समजायचा.

पुढे मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतायचा होता. इथे एक अडचण आली. आईच्या कढईत म्हशीच्या दुधाचा खवा परतताना कडेने तूप सुटतं, माझा मात्र कोरडाच राहिला आणि मी घाबरून गॅस बंद करणार होते. कारण नंतर उमगलं: डब्यातल्या दुधातली चरबी होमोजिनाइझ करून बारीक फोडलेली असते, ती सहज बाहेर येत नाही. तूप सुटायची वाट बघत बसले असते तर खवा करपला असता. म्हणून दोन चमचे साजूक तूप वरून सोडलं आणि रंगावर नजर ठेवली. कोमट झाल्यावर पिठीसाखर, वेलची. गरम असताना साखर घातली की गोळा पातळ होतो, हे पहिल्या मूठभर पेढ्यांवर शिकले.

पेढे झाले ते मऊसूत, दाणा अजिबात नाही. सासूबाईंनी एक तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "चव कंदीची आहे, पण जिभेला बर्फी लागते."