वाळूजहून अंधेरीला

अंधेरीतल्या एका औषध कंपनीला रेग्युलेटरी अफेअर्ससाठी सीनियर मॅनेजर हवा होता आणि तो शोधून द्यायचं काम माझ्याकडे होतं. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएकडे एएनडीए, म्हणजे जेनेरिक औषधाच्या मंजुरीचा अर्ज, स्वतः सादर केलेली आणि त्यांच्या शंकांना उत्तरं दिलेली व्यक्ती हवी, ही अट. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला काम करणाऱ्या एका बाईंचं प्रोफाइल तंतोतंत बसत होतं. मी लिहिलं:

"नमस्कार मॅडम. पद अंधेरी पूर्वेला आहे, पाचही दिवस ऑफिसात यावं लागेल. बजेट वर्षाला 32 ते 36 लाख. सामान हलवण्याचा खर्च कंपनी दीड लाखापर्यंत देते. मुंबईला यायचं झालं तर घरात आधी काय जुळून यावं लागेल, ते सांगाल का? नाही म्हणालात तरी हरकत नाही."

नुसतं 'रिलोकेट व्हाल का?' विचारलं की जवळजवळ सगळे 'हो' म्हणतात. मग 90 दिवसांचा नोटीस पिरियड सुरू होतो, चालू कंपनी पगार वाढवते, घरचे नको म्हणतात आणि जॉइनिंगच्या आठवड्यात फोन बंद. नकार मला पहिल्याच दिवशी आलेला परवडतो.

संध्याकाळी बाईंचाच फोन आला. "पगाराचं नंतर बोलू. मुलगी नववीत आहे, सीबीएसईला."

तिथेच गाठ होती. सीबीएसई दहावीसाठीची नोंदणी नववीतच करते. दहावीत शाळा बदलायची तर बदलीचे कागद आणि मंडळाची परवानगी लागते, शिवाय नवीन शाळेत जागा हवी. तेव्हा सप्टेंबर चालू होता. बाईंचा बेत असा, की डिसेंबरात एकट्यानं यायचं, मरोळला पीजीत राहायचं आणि मुलीची दहावी झाली की घर हलवायचं. म्हणजे सामानाचा ट्रक जॉइनिंगनंतर सोळा महिन्यांनी निघणार. कंपनीची पॉलिसी मात्र बिलं सहा महिन्यांत मागणारी. कागदावर दीड लाख, हातात शून्य!

एचआरवाल्यांचं पालुपद एकच: "पॉलिसीत बसत नाही." मी म्हटलं, रक्कम तीच ठेवा, फक्त मुदत अठरा महिने करा आणि तसं ऑफर लेटरमध्ये लिहा. तोंडी कबुलीला अर्थ नसतो, सोळा महिन्यांनी त्या खुर्चीत दुसरंच कुणी बसलेलं असतं. हो-ना करत मान्य झालं.

मसुदा वाचून बाईंनी जे विचारलं, ते फार थोडे उमेदवार विचारतात. "वर्षाच्या आत सोडलं तर पैसे परत, असं लिहिलंय. हे वर्ष कधीपासून? पैसे मिळाल्यापासून धरलं तर मी सव्वादोन वर्षं अडकते." 'रुजू झाल्याच्या तारखेपासून' एवढे शब्द घालून घेतले.

पगार 35 वर एका फोनमध्ये ठरला. शेवटची अट त्यांनी थेट मॅनेजरना सांगितली: शुक्रवारी साडेसहाला निघणार, रात्रीची देवगिरी गाठायची असते. ते म्हणाले, "सहाला निघा हो, अंधेरीचं ट्रॅफिक तुम्ही अजून पाहिलं नाहीये."