मधातले बीजाणू आणि तान्हे बाळ

तुम्ही विचारलंत: “आम्ही सगळे मधात उगाळलेल्या गुटीवरच वाढलो. मग डॉक्टर वर्षभर मध नको का म्हणतात? घरचा शुद्ध मध उकळून दिला तर? बारशाला आजीने मधाचं बोट चाटवलंय, आता काय करू?”

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि बाळंतिणीच्या खोलीत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. मधाच्या शुद्धतेशी त्याचा संबंध नाही, हे मी आधीच सांगते, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत सर्वत्र असतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो जाड कवचाचा बीजाणू बनून निद्रिस्त राहतो. धूळ आणि माती यांच्यावाटे असे बीजाणू मधात पोहोचू शकतात, मग तो मध जंगलातला असो वा पेटीतला. मधात पाणी फार कमी आणि आम्लता पुरेशी असल्यामुळे बीजाणू तिथे रुजत नाहीत आणि विषही तयार करत नाहीत. परंतु ते मरतही नाहीत. म्हणूनच दूषित मधाचा रंग, वास किंवा चव यांत काहीही फरक पडत नाही.

उकळूनही उपयोग होत नाही. या जिवाणूचे विष उकळल्याने नष्ट होते, बीजाणू मात्र उकळत्या पाण्याचे तापमान सहन करतात. त्यांना मारण्यासाठी दाबाखालची सुमारे १२१ अंश सेल्सिअसची वाफ लागते, आणि घरात मध गरम करताना आपण त्याच्या जवळपासही जात नाही.

मोठ्या माणसाने तोच मध खाल्ला, तर बीजाणू आतड्यातून तसेच बाहेर पडतात, कारण तिथे आधीच वस्ती करून असलेले असंख्य जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून भरायची असते. जमीन तयार आणि तण उगवलेले नाही, अशा शेतासारखी ती स्थिती असते. मोठ्या आतड्यात प्राणवायू नसतो, ऊब असते, आणि बीजाणू तिथे रुजून वाढू लागतात. त्यांनी सोडलेले विष रक्तावाटे मज्जातंतूंच्या टोकांशी पोहोचते आणि स्नायूंना आकुंचनाचा संदेश देणारे अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडू देत नाही. म्हणजे बाळाने विष खाल्लेले नसते. ते त्याच्या पोटातच तयार होत राहते. हा आजार वेगळा म्हणून ओळखला गेला तो १९७६ साली, कॅलिफोर्नियात.

त्याची सुरुवात फसवी असते. बहुधा आधी बद्धकोष्ठ होतो, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला चार-पाच दिवस शी न होणे एरवीही घडते, म्हणून कोणी फारसे लक्ष देत नाही. मग बाळ नीट ओढून पीत नाही, रडण्याचा आवाज क्षीण होतो, पापण्या जड होतात, चेहरा निर्विकार दिसतो, सावरू लागलेली मान पुन्हा लटकते. लुळेपणा चेहऱ्याकडून खाली उतरत जातो आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचला तर कृत्रिम श्वसन द्यावे लागते. ताप सहसा नसतो, म्हणून बाळ केवळ सुस्त आहे असे वाटते. निदान शौचातील विषाच्या तपासणीने होते. मानवी रक्तद्रवापासून केलेले प्रतिविष रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते. मज्जातंतूला चिकटलेल्या विषावर त्याचा इलाज चालत नाही, तिथे तंतूंची टोके नव्याने वाढावी लागतात आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात. योग्य उपचार मिळालेली बहुतेक बाळे पूर्ण बरी होतात.

२०१८ साली टेक्सासमध्ये चार बाळांना हा आजार झाला. चौघांनाही मेक्सिकोत घेतलेली, मध भरलेली चोखणी दिली होती. मध चाटवण्याची रीत केवळ आपलीच नाही आणि त्यामागची माया खरीच आहे, पण बीजाणूला त्याने काही फरक पडत नाही. आम्हाला काही झाले नाही, हे आजींचे म्हणणेही खरे आहे, कारण प्रत्येक बाटलीत बीजाणू नसतात आणि प्रत्येक बाळात ते रुजत नाहीत. बहुतेक रुग्ण बाळांनी तर मध चाखलेलाही नसतो. त्यांना बीजाणू धुळीतून मिळालेले असतात. धूळ आपण थांबवू शकत नाही, मध थांबवू शकतो. आईने स्वतः मध खायला मात्र हरकत नाही, कारण बीजाणू दुधात उतरत नाहीत.

बारशाचे बोट चाटून गेले असेल, तर घाबरून बाळाला उलटी करवू नका आणि कोणतेही औषध देऊ नका. लक्षणे साधारण तीन दिवसांपासून महिन्याभरापर्यंत दिसू शकतात. तेवढा काळ पिणे, रडणे, शी आणि मान यांकडे लक्ष ठेवा. यांतले काही बिघडले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि मध चाटवल्याचे न विचारता सांगा, कारण काही प्रतिजैविके या आजारात स्नायूंचा लुळेपणा वाढवतात आणि औषध लिहिण्यापूर्वी डॉक्टरांना ते ठाऊक असावे लागते.