नळी सुटली तर आधी काय?

सर्जिकल नर्सिंगच्या आमच्या ट्यूटर मॅडम आयसीडीची, म्हणजे छातीत घातलेल्या नळीला जोडायची, बाटली वर्गात आणून टेबलावर ठेवत आणि विचारत, "हवा कुठून येतेय?" पाण्याखाली दोन सेंटिमीटर बुडालेले नळीचे टोक दाखवून त्या सांगत, की हवेला छातीतून बाहेर पडता यावे आणि परत आत शिरता येऊ नये, एवढेच या पाण्याचे काम.

न्यूमोथोरॅक्सच्या, म्हणजे फुफ्फुसाभोवती हवा साठलेल्या, रुग्णाने खोकल्यावर किंवा श्वास सोडताना अधूनमधून बुडबुडे आले, तर अडकलेली हवा निघते आहे. बुडबुडे अखंड येत असतील, तर गळती शोधायची. छातीजवळ क्षणभर चिमटा लावून बघायचे. बुडबुडे थांबले तर गळती रुग्णाच्या बाजूला, फुफ्फुसात किंवा टाक्यांपाशी. चालूच राहिले तर चिमट्याच्या खाली, नळीत किंवा जोडात. बघून झाले की चिमटा लगेच काढायचा. सक्शनच्या बाटलीत मात्र बुडबुडे सतत येणारच. परीक्षेत या दोन बाटल्यांची गल्लत हमखास होते.

मॅडमचा आवडता प्रश्न असा: न्यूमोथोरॅक्सच्या रुग्णाला एक्स-रेसाठी ट्रॉलीवर घेताना नळी बाटलीपासून सुटली. बाटलीत तोवर बुडबुडे येत होते. परिचारिकेची पहिली कृती कोणती? वर्गातले बहुतेक हात "क्लॅम्प लावायचा" या पर्यायाला वर जात. मॅडम हात वर तसेच ठेवायला लावत आणि पुढचे वदवून घेत. फुफ्फुसातून हवा गळतेच आहे, बाहेरची वाट आपण बंद केली, आता ती साठणार कुठे? छातीतच. दाब वाढून टेन्शन न्यूमोथोरॅक्स होतो, श्वासनलिका एका बाजूला सरकते, रक्तदाब कोसळतो. म्हणून नळीचे टोक लगेच निर्जंतुक पाण्याच्या किंवा सलाइनच्या बाटलीत दोन-तीन सेंटिमीटर बुडवायचे. वॉटर सील पुन्हा तयार झाले. मग रुग्णाला श्वास सोडायला किंवा खोकायला सांगायचे, नवी निर्जंतुक बाटली छातीच्या पातळीखाली ठेवून जोडायची आणि डॉक्टरांना कळवायचे. बाटली फुटली तरी हेच. म्हणूनच अशा रुग्णाच्या खाटेशी निर्जंतुक पाण्याची बाटली तयार असलीच पाहिजे. बाटली बदलताना काही सेकंद चिमटा चालतो, त्याहून जास्त नाही.

नळी छातीतूनच निघून आली, तर प्रश्न वेगळा. तिथे पाणी कामाचे नाही. जखमेवर निर्जंतुक ड्रेसिंग ठेवून तीन बाजूंनी चिकटपट्टी लावायची, म्हणजे चौथ्या बाजूने हवा निसटते. प्रश्नात नळी "कुठून" सुटली, तो शब्द मॅडम अधोरेखित करायला लावत. मी आज विद्यार्थिनींना शिकवताना तेच करते.

जोडणी झाल्यावर नळीतले पाणी श्वासागणिक वर-खाली होते का ते बघायचे. हालचाल थांबली, तर फुफ्फुस पूर्ण फुगले असेल, नाहीतर नळी दुमडली किंवा गुठळीने तुंबली असेल. रुग्णाला धाप लागत असेल, ऑक्सिजन घसरत असेल, तर आधी अंथरुणात दबलेली नळी शोधायची.