मार्चएंड आणि मैत्रिणीचा लांबलचक मेसेज

आज ३१ मार्च. अकाउंट्समधल्या कोणालाही विचारा, आज जेवायलाही फुरसत नसते. आणि नेमका अशाच दिवशी मैत्रिणीचा चाळीस ओळींचा मेसेज येतो: आईचं आजारपण, भावाशी भांडण, रात्र रात्र झोप नाही.

आधी मेसेज शेवटपर्यंत वाचायचा. खरी गोष्ट बऱ्याचदा शेवटच्या दोन ओळींत असते. ‘जगावंसंच वाटत नाही’ असं काही दिसलं, तर काम बाजूला ठेवून लगेच फोन करायचा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबरही तिला द्यायचा.

तसं नसेल तर दोन-तीन ओळी पुरतात. उदाहरणार्थ: ‘सगळं वाचलं गं. भाऊ दवाखान्यातही आला नाही, हे वाचून वाईट वाटलं. आज क्लोजिंग आहे, घाईत काही लिहायचं नाहीये. रात्री साडेनऊला फोन करते, चालेल?’ यात भावाचा उल्लेख सगळ्यात महत्त्वाचा, कारण नीट वाचल्याची खूण तीच. ‘नंतर बोलू’ लिहिलं की ती वाट बघत बसते, म्हणून वेळ नेमकी सांगायची. सल्ला आत्ता नकोच; घाईतला सल्ला हमखास ‘भावाशी बोलून बघ’ असा निघतो, आणि ते तिने दहादा केलेलं असतं. नुसता अंगठा तर त्याहून वाईट (माझं मत!).

व्हॉट्सअ‍ॅपवर चॅट ‘अनरीड’ केलं तरी निळ्या टिका जात नाहीत. म्हणून उत्तर पाठवल्या पाठवल्या सव्वानऊचा अलार्म लावायचा. काम लांबलंच, तर साडेनऊच्या आधी ‘दहा वाजतील गं’ एवढं कळवायचं.